गोरा कोण? कोर्टाने ठरवायचं

बीरगांवच्या आमच्या या व्याख्यानमालेत आज लढाईबद्दल बोलणार नाही. मागच्या वेळी काही जणांनी विचारलं होतं की सर, फौजेतल्या गोष्टी सोडून दुसरं काही सांगाल का. तर आज एका खटल्याची गोष्ट सांगतो. तिच्यात एक शिपाई आहे, एक वकील आहे, आणि एक प्रश्न आहे जो अमेरिकेची कोर्टं सत्तर-पंचाहत्तर वर्षं सोडवत बसली होती. प्रश्न असा की गोरा माणूस म्हणजे कोण?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? दिसतंच की. अमेरिकेच्या कायदेमंडळालाही तसंच वाटलं होतं. १७९० साली त्यांनी नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं असेल तर तो 'स्वतंत्र गोरा माणूस' असला पाहिजे, असं त्यात लिहिलं. गोरा म्हणजे काय, हे कुठेच लिहिलं नाही. गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही दार उघडलं. म्हणजे आता दोन दारं झाली, एक गोऱ्यांचं आणि एक आफ्रिकी वंशाच्या लोकांचं. ज्याला दोन्हींतून आत जाता येत नाही, त्याने आयुष्यभर तिथे राहावं, कर भरावा, पण परदेशीच राहावं. चिनी, जपानी, अरब, आर्मेनियन आणि आपण हिंदुस्थानी या दोन दारांच्या मधल्या भिंतीपाशी उभे होतो. जवळजवळ सगळ्यांनी गोऱ्यांचंच दार ठोठावलं. मग प्रत्येक वेळी न्यायाधीशाला ठरवावं लागलं की समोर उभा आहे तो गोरा आहे की नाही.

आता हे ठरवायचं कसं? मी फौजेतली भरती पाहिलेली आहे. तिथे पोरांची छाती मोजतात. सत्त्याहत्तर सेंटिमीटर हवी आणि श्वास भरल्यावर पाच सेंटिमीटर फुगली पाहिजे. टेप सगळ्यांना एकच. पोरगा कोणाचा आहे हे पाहून टेप बदलत नाही. एखादा पोरगा अर्ध्या सेंटिमीटरने गेला तर त्याला वाईट वाटतं, पण का गेला हे त्याला कळतं. आज मी जे सांगणार आहे त्यात टेपच दर वेळी वेगळी निघते. ते लक्षात ठेवून ऐका.

पहिला माणूस मुंबईचा. भिकाजी बलसारा, पारशी. टाटांच्या कापसाच्या व्यापारासाठी ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे नागरिकत्व मागितलं. १९०९ मध्ये न्यायाधीशांनी ते दिलं, पण कुरकुरत. त्यांची अडचण अशी की पारशाला गोरा म्हटलं तर उद्या अफगाण, अरब, हिंदू सगळेच येतील, मग रेषा ओढायची कुठे? त्यांनी सरकारलाच सांगितलं की अपील करा, वरच्या कोर्टाला ठरवू द्या. वरच्या कोर्टाने १९१० मध्ये बलसारांचं नागरिकत्व कायम केलं. थोडक्यात, पारशी गोरे.

त्याच सुमाराला जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात अब्दुल डोला नावाचे एक व्यापारी कोर्टात उभे राहिले. जन्म कलकत्त्याचा, आईवडील अफगाण. न्यायाधीशांनी त्यांना पाहिलं. चेहरा सावळा, डोळे काळे, केस काळेभोर, लाटदार, बारीक आणि मऊ. ही सगळी वर्णनं कोर्टाच्या नोंदीत आहेत. केस मऊ की राठ, हे कोर्ट लिहून ठेवत होतं. पण चेहऱ्यावरून निकाल लागेना. मग त्यांना बाही वर करायला सांगितलं. उन्हात न गेलेल्या दंडाची कातडी चेहऱ्यापेक्षा बरीच उजळ होती, आणि तिच्याखालच्या निळ्या शिरा स्पष्ट दिसत होत्या. शिरा दिसल्या म्हणजे कातडी पुरेशी पारदर्शक, म्हणजे माणूस गोरा. शिवाय आणखी एक पुरावा पुढे आला. डोलांनी सव्हानातल्या गोऱ्यांच्या कबरस्तानात जागा विकत घेतलेली होती. मेल्यावर जो गोऱ्यांशेजारी पुरला जाणार, तो जिवंतपणी गोराच असणार! डोलांना नागरिकत्व मिळालं. सरकारने अपील केलं, पण वरच्या कोर्टाने ते ऐकण्याचा आपल्याला अधिकार नाही म्हणून काढून टाकलं.

आता विचार करा. तेच डोला एखाद्या उघड्या शेतावर राबणारे असते, दंडही उन्हाने रापलेला असता, तर? तर ते गोरे ठरले नसते. म्हणजे माणसाचा वंश त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर अवलंबून.

एकाच माणसाचे दोन निकालही झाले. जॉर्ज डाउ नावाचे सीरियाहून आलेले एक गृहस्थ होते. १९१४ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या कोर्टाने त्यांना गोरे नाहीत म्हणून परत पाठवलं. १९१५ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं, गोरे आहेत. मधल्या एका वर्षात डाउंच्या कातडीत काही फरक पडला नव्हता.

आता आपल्या मुख्य माणसाकडे येतो. नाव सखाराम गणेश पंडित. हे नाव रायपूरच्या आपल्या मराठी मंडळातल्या यादीत घातलं तरी कोणी वळून बघणार नाही, इतकं ते आपलं आहे. मुंबई इलाख्यातला हा ब्राह्मण माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेला, व्याख्यानं देऊन पोट भरलं आणि लॉस एंजलिसमध्ये स्थायिक झाला. १९१४ मध्ये तिथल्या सुपिरियर कोर्टात त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. सरकारच्या अधिकाऱ्याने आक्षेप घेतला की हिंदू माणूस गोरा नाही. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. न्यायाधीशांनी पंडितांच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केलं नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटी फार उपयोगाला येणार आहे.

नागरिक झाल्यावर पंडितांनी कायद्याचा अभ्यास केला आणि कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली. तिथल्या हिंदुस्थानी लोकांना त्यांच्या रूपाने एक आपला वकील मिळाला. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं.

आता शिपायाची गोष्ट. त्याच्याबद्दल बोलताना मी थोडा पक्षपाती होणार, आधीच सांगतो. भगतसिंग थिंद, अमृतसरजवळच्या गावचे. १९१३ मध्ये अमेरिकेत गेले, लाकूड गिरण्यांत काम केलं. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकेच्या फौजेत भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये होते, पगडी बांधून. काही महिन्यांतच त्यांना हंगामी सार्जंट केलं. युद्ध संपल्यावर डिसेंबरमध्ये सन्मानाने मोकळे झाले आणि कागदावर वर्तन उत्कृष्ट असा शेरा मिळाला. ज्यांनी फौजेतून निवृत्ती घेतली आहे त्यांना त्या शेऱ्याची किंमत माहीत आहे.

मोकळं होण्याच्या काही दिवस आधी, ९ डिसेंबर १९१८ ला, अंगावर गणवेश असतानाच थिंद यांना नागरिकत्व मिळालं. चार दिवसांनी काढून घेतलं. कारण काय तर ते गोरे नाहीत. गणवेश चालला, बंदूक चालली, नागरिकत्व चाललं नाही. थिंद शेजारच्या ओरेगन राज्यात गेले आणि पुन्हा अर्ज केला. तिथल्या न्यायाधीशांनी १९२० मध्ये पुन्हा नागरिकत्व दिलं. सरकार या वेळी गप्प बसलं नाही. प्रकरण वर गेलं, आणि अपील कोर्टाने सुप्रीम कोर्टाला विचारलं की अमृतसरला जन्मलेला, शुद्ध हिंदुस्थानी रक्ताचा उच्च जातीचा हिंदू हा गोरा माणूस आहे का? थिंद शीख होते. पण अमेरिकेच्या कागदावर तेव्हा हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण हिंदूच. वंश ठरवायला बसलेल्या कोर्टाला समोरच्या माणसाचा धर्मसुद्धा नीट लिहिता आला नाही.

सुप्रीम कोर्टात थिंद यांच्या बाजूने वकील कोण? सखाराम गणेश पंडित.

पंडितांचा युक्तिवाद त्या वेळी फार भक्कम दिसत होता. त्याला कारण एक ताजा निकाल होता. ताकाओ ओझावा नावाचे जपानी गृहस्थ अमेरिकेत वीस वर्षं राहिलेले, तिथेच शिकलेले. त्यांनी सांगितलं की माझी कातडी कित्येक गोऱ्यांपेक्षा गोरी आहे, मग मी गोरा का नाही? १३ नोव्हेंबर १९२२ ला सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं असं की कातडीच्या रंगाने वंश ठरवता येत नाही, कारण अँग्लो-सॅक्सन लोकांतसुद्धा सगळ्या छटा असतात. मग गोरा म्हणजे कोण? तर कॉकेशियन वंशाचा. म्हणजे रंगाची टेप फेकून दिली आणि शास्त्राची टेप हातात घेतली.

हे कॉकेशियन प्रकरण कुठून आलं तेही सांगतो. ब्लूमेनबाख नावाचे जर्मन विद्वान कवट्या गोळा करायचे. त्यांच्याकडे कॉकेशस पर्वताकडच्या जॉर्जियातल्या एका बाईची कवटी होती, ती त्यांना फार सुंदर वाटली. १७९५ मध्ये त्यांनी युरोप आणि आसपासच्या लोकांना त्यावरून कॉकेशियन नाव दिलं. एका कवटीच्या सौंदर्यावरून पडलेलं नाव सव्वाशे वर्षांनी कायद्याचं माप झालं.

आणि त्या काळचं वंशशास्त्र हिंदुस्थानातल्या बऱ्याच लोकांना कॉकेशियनमध्येच धरायचं. त्यामुळे पंडितांचं गणित सोपं होतं. कोर्टाने तीन महिन्यांपूर्वी सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन. शास्त्र सांगतं की पंजाबातला आर्य कॉकेशियन. म्हणून थिंद गोरे.

आता इथे मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे, आणि ती झाकून ही गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही. थिंद शुद्ध आर्य आहेत, त्यांच्या रक्तात मिसळ नाही, हे सिद्ध करायला त्यांच्या बाजूने जातीव्यवस्थेचा पुरावा दिला गेला. म्हणणं असं होतं की उच्च जातीचा हिंदू लग्नाच्या बाबतीत इथल्या मूळ रहिवाशांकडे तसाच पाहतो जसा अमेरिकन माणूस नीग्रोकडे पाहतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच भेद पाळतो, म्हणून आम्हाला आत घ्या. छत्तीसगडमध्ये बसून हे वाचताना मला लाज वाटली. इथल्या ज्यांना आपण मूळ रहिवासी म्हणतो त्यांच्याबरोबर मी फौजेत राहिलो आहे, एका ताटात जेवलो आहे. पण कोर्टाने माणसासमोर एकच दार ठेवलं, आणि त्या दारातून जायचं तर दुसऱ्याला खाली ढकलायचं, अशी अट घातली की चांगली शिकलेली माणसंही ढकलतात. हा त्या कायद्याचा सगळ्यात वाईट परिणाम होता असं मी म्हणेन. नागरिकत्व न मिळण्यापेक्षा वाईट.

आणि या आर्य-अनार्य शास्त्राची पातळी काय होती? आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले नावाचे इंग्रज अधिकारी होते. १९०१ च्या जनगणनेचे ते प्रमुख. लोकांची नाकं मोजून वंश ठरवता येतो यावर त्यांचा विश्वास. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा त्यांचा नासिका निर्देशांक. सत्तरच्या खाली आला तर नाक बारीक, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम, त्याच्या वर रुंद. आता हिशेब करून बघा. नाकाची उंची पन्नास मिलिमीटर धरा. रुंदी चौतीस असेल तर निर्देशांक अडुसष्ट, म्हणजे बारीक. रुंदी छत्तीस असेल तर बहात्तर, म्हणजे मध्यम. फरक दोन मिलिमीटरचा. नाकपुडी मऊ असते, मोजणाऱ्याने चिमटा जरा दाबून धरला किंवा माणसाने श्वास घेतला तरी एवढा फरक पडतो. आणि बरं का, या रिस्लेसाहेबांनी हिंदुस्थानचे जे सात प्रकार पाडले, त्यात पंजाबी आणि राजपूत इंडो-आर्यन, पण पश्चिम भारतातले मराठी ब्राह्मण आणि कुणबी सिथो-द्रविडियन! म्हणजे या हिशेबाने थिंद आर्य, आणि ज्यांनी ते आर्य आहेत म्हणून सांगितलं त्या पंडितांचं मात्र काही खरं नाही.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल आला. लिहिणारे पुन्हा तेच न्यायमूर्ती सदरलँड. आणि त्यांनी काय सांगितलं? कॉकेशियन हा शब्द शास्त्रज्ञांचा. कायदा लिहिला तो साध्या लोकांनी, साध्या लोकांसाठी. गोरा म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो. उत्तर युरोपातला पिंगट केसांचा माणूस आणि सावळा हिंदू यांचा फार फार पूर्वी एक पूर्वज असेलही, पण आज त्यांच्यात फरक आहे हे सामान्य माणसाला चांगलं कळतं. आणि जातीचा पुरावा? त्यावर कोर्ट म्हणालं, जातीचे नियम होते पण तरी रक्त मिसळलंच. थिंद गोरे नाहीत.

मंडळी, तीन महिन्यांत काय झालं ते बघा. जपानी माणूस म्हणाला, माझा रंग बघा. कोर्ट म्हणालं, रंग चालत नाही, शास्त्र बघा. हिंदुस्थानी माणूस म्हणाला, बरं, शास्त्र बघा. कोर्ट म्हणालं, शास्त्र चालत नाही, दिसतो कसा ते बघा. भरतीत एका पोराची छाती सेंटिमीटरमध्ये मोजली आणि पुरेशी भरली, म्हणून दुसऱ्याची इंचात मोजून कमी दाखवली, तर त्या अधिकाऱ्याला आम्ही घरी पाठवू. इथे तो सुप्रीम कोर्टात बसला होता. निकाल आधी ठरलेला होता, माप नंतर शोधलं, असंच म्हणावं लागेल.

या निकालाने नुसतं दार बंद झालं नाही. आत गेलेल्यांना बाहेर काढायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियात १९१३ पासून असा कायदा होता की ज्याला नागरिक होताच येत नाही अशा परदेशी माणसाला शेतजमीन घेता येणार नाही. थिंद निकालाने सगळे हिंदुस्थानी त्या वर्गात गेले. पंजाबी शेतकऱ्यांनी इंपीरियल व्हॅलीत वाळवंटातून शेती उभी केली होती. आता ती जमीन कोणा गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावावर ठेवायची आणि त्याच्या इमानावर जगायचं, अशी वेळ आली. तिथल्या लग्नांचाही एक किस्सा आहे. गोऱ्या आणि बिगरगोऱ्या माणसांच्या लग्नाला कॅलिफोर्नियात बंदी होती. पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. परवान्याच्या अर्जावर वंश लिहावा लागे, आणि खिडकीवरचा कारकून दोघांकडे बघून ठरवायचा की रंग जुळतात का. अनेकदा दोघांपुढेही तपकिरी असं लिहून मोकळा व्हायचा. एका खिडकीवर वंश जमला नाही तर जोडपी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन दुसऱ्या खिडकीवर उभी राहायची.

ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यावर सरकारने खटले भरले. कारण असं दिलं की गोरे नसताना नागरिकत्व घेतलं, म्हणजे ते बेकायदेशीर मिळवलेलं. साठहून अधिक हिंदुस्थानी लोकांची कागदपत्रं अशी रद्द झाली. अक्षयकुमार मजुमदार यांना १९१३ मध्ये मिळालेलं नागरिकत्व गेलं. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई बायको आणि तीन मुलांना घेऊन तिथे कायमचे गेले होते. इंग्रजांचं प्रजाजन राहायचं नाही म्हणूनच त्यांनी अमेरिकन होणं निवडलं होतं. नागरिकत्व गेलं, त्याबरोबर मालमत्ता गेली. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं म्हटलं तर सांगितलं, ब्रिटिश पासपोर्ट घ्या. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे पत्र ठेवलं, त्यात आपण का जातो आहोत ते लिहून ठेवलं होतं. मघाशी नाकाच्या मिलिमीटरवर आपण हसलो. हा त्याच हिशेबाचा दुसरा टोक आहे.

आणि मग सरकार पंडितांकडे वळलं. थिंद यांच्या बाजूने ज्याने वाद घातला, त्याचंच नागरिकत्व रद्द करा म्हणून खटला. पंडितांचं काय काय जाणार होतं ते बघा. नागरिकत्व गेलं की वकिलीची सनद गेली, कारण वकील नागरिक असावा लागे. घर धोक्यात. आणि बायको? लिलियन जन्माने अमेरिकन. पण १९२२ च्या कायद्याने असं होतं की जिने नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाशी लग्न केलं आहे, त्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वही जातं. म्हणजे नवरा गोरा नाही असं ठरलं की गोऱ्या बायकोचा देशही गेला. तिला तर दुसरं कुठलं दारच नव्हतं.

पंडितांनी काय केलं? ते पुन्हा मी गोरा आहे हे सिद्ध करायला गेले असते तर हरले असते. सुप्रीम कोर्टाने तो रस्ता बंद केला होता. त्यांनी वंशाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि सरकारला एकच विचारलं. १९१४ मध्ये तुमचा अधिकारी कोर्टात हजर होता. हाच आक्षेप त्याने घेतला होता. दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशांनी निकाल दिला. तुम्ही अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी शिकलो, वकील झालो, घर घेतलं, लग्न केलं, हिंदुस्थानातला वारसाहक्क सोडला. आता तुम्ही तोच प्रश्न त्याच माणसाविरुद्ध पुन्हा कसा उकरता?

आपल्याकडे ज्यांनी दिवाणी दावे लढवले आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये हेच आहे. एकदा दोन पक्षांमध्ये एका मुद्द्यावर सक्षम कोर्टाने निकाल दिला आणि तो कायम झाला, की त्याच मुद्द्यावर त्याच पक्षांत पुन्हा दावा नाही. याला पूर्वन्याय म्हणतात. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना जो नियम लागतो, तोच पंडितांनी अमेरिकेच्या सरकारला लावला.

खालच्या कोर्टात पंडित जिंकले. सरकार अपिलात गेलं. १९२६ मध्ये अपील कोर्टानेही पंडितांच्या बाजूने निकाल दिला. १९१४ चा निकाल चुकीचा असेल तर तेव्हाच अपील करायला हवं होतं, आता तो मुद्दा संपला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर हिंदुस्थानी लोकांची नागरिकत्वं रद्द करायची मोहीम सरकारने सोडून दिली. जे राहिले होते ते वाचले. मजुमदार, बगाई यांच्यासारख्या ज्यांचं आधीच गेलं होतं, त्यांना मात्र त्या निकालाने ते परत मिळालं नाही.

आता निकालाचा अर्थ बघा. कोर्टाने पंडित गोरे आहेत असं म्हटलं नाही. नाहीत असंही म्हटलं नाही. १९२३ नंतर जन्मलेला नियम सांगत होता की हिंदुस्थानी गोरा नाही, आणि १९१४ चा कागद सांगत होता की हा हिंदुस्थानी गोरा आहे. दोन्ही एकाच वेळी खरे. म्हणजे सखाराम गणेश पंडित हे कातडीने, केसाने, नाकाने किंवा कुळाने गोरे नव्हते. ते तारखेने गोरे होते!

आमच्या शिपायाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. १९३५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिक होता येईल. १९३६ मध्ये थिंद यांना न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालं, आणि या वेळी ते कोणी काढून घेतलं नाही. मधल्या काळात त्यांच्या वंशात काही बदल झाला नव्हता. फौजेची नोकरी १९१८ लाच झालेली होती. ती मोजायला सरकारला सतरा वर्षं लागली. बाकी हिंदुस्थानी लोकांना १९४६ मध्ये दार उघडलं, आणि वंशाची अट पूर्ण गेली ती १९५२ मध्ये.

हे सगळं अमेरिकेचं झालं म्हणून कोणी असं समजू नये की तो तिथलाच वेडेपणा. अमेरिकेने अट काढायच्या दोन वर्षं आधी, १९५० मध्ये, दक्षिण आफ्रिकेने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद करायचा कायदा केला. तिथे केसांत पेन्सिल खोचून बघायचे. डोकं हलवल्यावर पेन्सिल पडली तर एक वंश, अडकून राहिली तर दुसरा. सँड्रा लेंग नावाची मुलगी, आईवडील दोघेही कायद्याने गोरे. तिची कातडी सावळी, केस कुरळे. १९६६ मध्ये, दहा वर्षांची असताना, तिला शाळेतून काढलं आणि सरकारी कागदावर रंगीत ठरवलं. वडील कोर्टात गेले. १९६७ मध्ये कायदा बदलला, दिसण्यापेक्षा आईवडिलांचा वंश महत्त्वाचा ठरला, आणि ती पुन्हा गोरी झाली. कागदावर. गोऱ्यांच्या शाळांनी तिला तरी घेतलं नाही. इथेही तेच, मुलगी तीच आणि टेप वेगळी.

मला हे प्रकरण का महत्त्वाचं वाटतं, ते एका वाक्यात सांगून थांबतो. जे मापच नाही त्याचं माप काढायला सरकार बसलं, की बळी जातो तो माणसाचा, आणि वाचतो तो ज्याच्याकडे जुना निकाल जपून ठेवलेला आहे तो. पंडित बुद्धीने वाचले, पण त्यांच्याकडे १९१४ चा कागद होता म्हणून ती बुद्धी चालली. बगाईंनाही नागरिकत्व कोर्टानेच दिलं होतं, पण ते वाचले नाहीत. दोघांत गोरं कोण आणि कमी गोरं कोण, हे आजही कोणी सांगू शकणार नाही.

पुढच्या वेळी पुन्हा फौजेकडे वळू. प्रश्न असतील तर जरूर विचारा. जयहिंद.